टाइमशीटमधले २.७५ तास म्हणजे किती तास, किती मिनिटं?

हजेरीच्या मशीनमधून किंवा प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमधून कामाच्या तासांचा रिपोर्ट काढला, की त्यात ७.३३, ८.१७, २.७५ असे आकडे येतात. भरायच्या टाइमशीटमध्ये मात्र तास आणि मिनिटं असे दोन वेगळे रकाने असतात. मग कोणी २.७५ कडे बघून 'दोन तास पंच्याहत्तर मिनिटं' असं वाचतं आणि सव्वातीन तास लावून मोकळं होतं. कोणी रूपांतर बरोबर करतं, पण आठवड्याची बेरीज एक-दोन मिनिटांनी जुळत नाही आणि पगाराचं काम बघणारी मंडळी कागद परत पाठवतात.

रूपांतर एका गुणाकाराचं आहे. गोंधळ होतो तो तीन ठिकाणी: आकडा नेमका कोणत्या पद्धतीने लिहिलाय हे न पाहता कामाला लागणं, मिनिटांचे तुकडे राउंड करणं आणि बेरीज आधी की रूपांतर आधी हे न ठरवणं. म्हणून गुणाकार पटकन आटोपून या तिन्हींकडे नीट बघू.

मूळ हिशेब

पॉइंटच्या डावीकडे असतात ते पूर्ण तास. त्यांना हात लावायचा नाही. उजवीकडे असतो तो एका तासाचा अंश, त्याला ६० ने गुणायचं.

२.७५ मध्ये २ तास बाजूला ठेवले. उरले ०.७५. ०.७५ × ६० = ४५. म्हणजे २ तास ४५ मिनिटं, पावणेतीन तास. .२५ असेल तर सव्वा, .५० असेल तर साडे, .७५ असेल तर पावणे. या तीन जागांसाठी कॅल्क्युलेटर काढायची गरजच नाही, आणि इतर आकडे या तिन्हींच्या आसपास कुठे बसतात यावरून उत्तराचा अंदाजही येतो. ०.८३ चं उत्तर ४५ पेक्षा थोडं जास्त यायला हवं. ते ३८ आलं तर काहीतरी चुकलंय.

मनातल्या मनात करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: तासाचा दहावा भाग म्हणजे ६ मिनिटं, शंभरावा भाग म्हणजे ३६ सेकंद, अर्थात ०.६ मिनिट. ०.८३ मध्ये आठ दशांशांची ४८ मिनिटं आणि तीन शतांशांची १.८ मिनिटं. बेरीज ४९.८. म्हणजे ५० मिनिटं. या ०.२ चं काय झालं ते पुढे येईलच.

मोठ्या आकड्यांना दुसरी वाट सोयीची पडते. आख्खा आकडाच ६० ने गुणून सगळ्याची मिनिटं करायची आणि मग ६० ने भागायचं. २.७५ × ६० = १६५ मिनिटं; १६५ ला ६० ने भागलं की भागाकार २, बाकी ४५. उत्तर तेच येतं, पण बेरजा आणि वजाबाक्या असतील तेव्हा ही दुसरी वाट कमी फसवते. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अंश, मिनिट, सेकंदांचं चिन्ह असलेलं बटण असतं. कोनाचे अंश आणि तास दोन्ही साठाच्याच हिशेबाने विभागले जातात, त्यामुळे २.७५ टाकून बरोबरचं चिन्ह दाबलं आणि मग ते बटण दाबलं, की २, ४५, ० असं उत्तर दिसतं.

आधी खात्री करा: हा दशांश आकडा आहे का?

हे न बघताच लोक गुणाकाराला बसतात. कारण 'अडीच तास' कोणी २.५ लिहितं, तर कोणी २.३०. दुसऱ्याच्या मनात पॉइंटच्या पुढे मिनिटं आहेत. तो २.३० दशांश समजून तुम्ही ६० ने गुणला, तर ०.३० × ६० = १८ येतं आणि अडीच तासांचे २ तास १८ मिनिटं होतात. बारा मिनिटं हवेत गेली, आणि आकडा दिसायला इतका साधा, की कोणाला शंका येणार नाही.

एका आकड्यावरून हे ओळखता येत नाही, पण पूर्ण रकाना बघितला की बहुतेक वेळा कळतं. पॉइंटनंतर ७५, ८३, ९२ असे साठाच्या वरचे आकडे एकदा जरी दिसले, तरी तो रकाना दशांशाचा आहे, कारण ८३ मिनिटं अशी नोंद कोणी करत नाही. याउलट पंधरा-वीस ओळींमध्ये पॉइंटनंतर एकही आकडा ५९ च्या वर जात नसेल आणि .१५, .३०, .४५ पुन्हा पुन्हा येत असतील, तर बहुधा मिनिटंच लिहिलेली आहेत. हाताने भरलेल्या कागदांवर हे फार दिसतं. मशीनच्या रिपोर्टवर पॉइंट असेल, तर तो बहुधा दशांशाचा असतो.

खरा त्रास असतो तो दोघांनी मिळून भरलेल्या रकान्यात. तिथे ८.४५ हा एकाचा पावणेनऊ तासांचा आणि दुसऱ्याचा ८ तास २७ मिनिटांचा असू शकतो. अशा वेळी एखाद्या दिवसाची येण्याची आणि जाण्याची वेळ मागून घ्या आणि त्या एका ओळीवर पडताळा घ्या. त्याला दोन मिनिटं लागतात. अंदाज बांधून अख्खा महिना चुकवण्यापेक्षा बरं.

एक्सेलमध्ये आणखी एक गंमत होते. २.३० टाइप केलं की सेलमध्ये २.३ उरतं, शेवटचं शून्य गळतं. मग २.५ म्हणजे अडीच तास, की दोन तास पन्नास मिनिटं, की घाईत 'दोन तास पाच मिनिटं' म्हणून कोणी टाइप केलेलं? रकाना मिनिटांच्या पद्धतीने भरलाय याची खात्री झाली असेल, तर तो आधी खऱ्या दशांशात आणायला हा फॉर्म्युला चालतो:

```
=INT(A2)+ROUND(MOD(A2,1)*100,0)/60
```

२.३० चे यातून २.५ होतात. पण ज्याने 'पाच मिनिटं' साठी ०५ न लिहिता नुसतं ५ लिहिलंय, त्याला हा फॉर्म्युलाही वाचवू शकत नाही. तो ५ ची पन्नास मिनिटंच धरणार. अशा ओळी डोळ्यांनीच शोधाव्या लागतात.

०.३३ ला १९.८ मिनिटं का येतात

७.३३ घ्या. ०.३३ × ६० = १९.८. टाइमशीटमध्ये १९.८ मिनिटं लिहायला जागा नसते. १९ लिहायचं की २०?

मशीनने आधी काय केलं ते बघितलं की उत्तर सापडतं. माणूस ७ तास २० मिनिटं थांबला. २० भागिले ६० म्हणजे ०.३३३३… हा आकडा संपतच नाही, म्हणून मशीनने दोन घरांवर तोडून ०.३३ छापला. १९.८ मधलं कमी पडलेलं ०.२ मिनिट, म्हणजे १२ सेकंद, त्या तोडण्यात गेलं. ते परत मिळवायचं तर जवळच्या पूर्ण मिनिटावर जायचं: २०.

हे नेहमी चालेल का? दोन घरांचा दशांश असेल आणि मूळ नोंद पूर्ण मिनिटांत असेल, तर हो, नेहमी चालतं. नीट राउंड केलेल्या आकड्यात १२ सेकंदांपेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. काही सॉफ्टवेअर राउंड न करता पुढचे आकडे नुसते कापून टाकतात. त्यात ४० मिनिटांचे ०.६७ न होता ०.६६ होतात. तिथे फरक २४ सेकंदांपर्यंत जातो, पण तोही अर्ध्या मिनिटाच्या आतच. ०.६६ × ६० = ३९.६, जवळचं पूर्ण मिनिट ४०. म्हणजे रिपोर्ट कोणत्याही पद्धतीचा असो, एका ओळीपुरतं मूळ मिनिट हमखास परत मिळतं. अट एकच: तुम्ही स्वतः मिनिटं कापायची नाहीत. १९.८ चे १९ केले, की मशीनने कापलं त्यावर तुम्ही आणखी कापलं.

एका घराचा दशांश असेल तर हे जमत नाही. २.७ तास म्हणजे गणिताने २ तास ४२ मिनिटं, पण तो आकडा राउंड करून आलेला असेल तर मूळ वेळ २:३९ ते २:४५ या पट्ट्यात कुठेही असू शकते आणि नुसत्या आकड्यावरून ती काढता येत नाही. काही व्यवसायांत, विशेषतः वकिलांच्या बिलांमध्ये, वेळ मुळातच सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. तिथे २.७ म्हणजे २:४२ हेच अधिकृत उत्तर, त्यामागे आणखी खरी वेळ शोधायची नसते. तसा नियम नसेल, तर दोन घरांचा रिपोर्ट मागून घ्या.

आधी ओळी, मग बेरीज

आता एका आठवड्याचा हिशेब सबंध करून बघू. रिपोर्टमध्ये सोमवार ते शुक्रवार हे आकडे आहेत: ७.३३, ८.१७, ६.९२, ७.७५, ८.५८. दशांशांची बेरीज ३८.७५.

प्रत्येक ओळीच्या अंशाला ६० ने गुणून जवळच्या मिनिटावर आणलं:

| दिवस | दशांश | गुणाकार | तास:मिनिटं |
|---|---|---|---|
| सोमवार | ७.३३ | १९.८ | ७:२० |
| मंगळवार | ८.१७ | १०.२ | ८:१० |
| बुधवार | ६.९२ | ५५.२ | ६:५५ |
| गुरुवार | ७.७५ | ४५ | ७:४५ |
| शुक्रवार | ८.५८ | ३४.८ | ८:३५ |

तासांची बेरीज ३६. मिनिटांची २० + १० + ५५ + ४५ + ३५ = १६५, म्हणजे २ तास ४५ मिनिटं. एकूण ३८ तास ४५ मिनिटं. दशांशाच्या बेरजेतूनही ३८.७५ म्हणजे ३८:४५ च येतं. या आठवड्यात दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या, कारण कुठे थोडं वर, कुठे थोडं खाली राउंड झालेलं एकमेकांत जिरलं.

नेहमी जिरत नाही. समजा कोणी पाचही दिवस ७ तास २० मिनिटंच थांबलं. रिपोर्टमध्ये पाच वेळा ७.३३ येईल आणि बेरीज ३६.६५. तिचं रूपांतर: ०.६५ × ६० = ३९. म्हणजे ३६:३९. पण ७:२० पाच वेळा म्हणजे ३६:४०. इथे प्रत्येक ओळीत १२ सेकंद एकाच दिशेने कमी पडले आणि पाच ओळींचं मिळून अख्खं मिनिट झालं. महिन्याच्या बावीस ओळींवर हाच प्रकार चार मिनिटांपर्यंत जातो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी एकेक ओळ पूर्ण मिनिटांत आणा, मग मिनिटांची बेरीज करा, आणि सगळ्यात शेवटी ६० ने भागून तास काढा. दशांशांची बेरीज करून शेवटी एकदाच रूपांतर करण्याचा मोह होतो, पण बेरजेत साठलेला फरक मागाहून वेगळा काढता येत नाही. ओळीच्या पातळीवर मूळ मिनिट सापडतं, बेरजेत ते सापडेलच असं नाही.

अपवाद एकच. पगाराचं सॉफ्टवेअर दशांशाच्या बेरजेवरच पैसे काढत असेल, तर तिथे ३६.६५ हाच आकडा चालणार, आणि तुमच्या ३६:४० मध्ये व त्यांच्या आकड्यात मिनिटाचा फरक राहणार. वाद घालण्यापेक्षा टाइमशीटखाली एक ओळ लिहावी: 'बेरीज मिनिटांवरून केली आहे.' तपासणाऱ्याला फरकाचं कारण लगेच कळतं.

एक्सेल आणि गुगल शीट्समध्ये

इथे एक गोष्ट पक्की हवी: शीटच्या दृष्टीने वेळ म्हणजे दिवसाचा अंश. १ म्हणजे चोवीस तास. म्हणून दशांश तास वेळेत बदलायचे तर २४ ने भागावं लागतं. भागायचं विसरून २.७५ असलेल्या सेलला नुसता वेळेचा फॉरमॅट दिला, तर पडद्यावर 18:00 दिसतं. शीटने ते पावणेतीन दिवस समजले, दोन पूर्ण दिवस लपवले आणि उरलेल्या पाऊण दिवसाचे अठरा तास दाखवले. 2:45 च्या जागी 18:00 दिसलं, की भागाकार राहिलाय एवढं ओळखा.

साधारणपणे सांगितला जाणारा फॉर्म्युला `=A2/24` आणि फॉरमॅट `h:mm` असा असतो. टाइमशीटसाठी तो दोन ठिकाणी कमी पडतो.

पहिलं, `h:mm` सेकंद राउंड करत नाही, लपवतो. ७.३३ भागिले २४ ची खरी वेळ ७ तास १९ मिनिटं ४८ सेकंद, आणि पडद्यावर येतं 7:19. वरच्याच आठवड्याला हा फॉर्म्युला लावला तर सोमवार 7:19 आणि शुक्रवार 8:34 दिसेल. खालची बेरीज आतल्या लपलेल्या सेकंदांसकट होते, म्हणून ती 38:45 च येते. आता छापील कागदावरच्या पाच ओळी कोणी हाताने मोजल्या तर त्याला ३८:४३ मिळतील. बेरीज चूक नाही, दिसणाऱ्या ओळी चूक आहेत, पण तपासणाऱ्याला ते कसं कळणार?

दुसरं, `h:mm` चोवीस तासांनंतर पुन्हा शून्यापासून मोजतो. ३८ तास ४५ मिनिटांची बेरीज 14:45 दिसते. चौकोनी कंसातला `[h]` हे थांबवतो.

दोन्हींवर उपाय एकाच फॉर्म्युल्यात होतो. आधी मिनिटं करा, ती पूर्ण करा, मग दिवसाच्या १४४० मिनिटांनी भागा:

```
=ROUND(A2*60,0)/1440
```

मग सेल निवडून एक्सेलमध्ये `Ctrl+1` दाबा, `Custom` मध्ये `[h]:mm` लिहा. गुगल शीट्समध्ये हाच फॉरमॅट `Custom number format` मध्ये देता येतो. बेरजेच्या सेललाही तोच फॉरमॅट द्या. ओळींना दिला आणि बेरजेला राहिला, असं बऱ्याचदा होतं. आता सोमवार 7:20, शुक्रवार 8:35, बेरीज 38:45, आणि हाताने मोजलं तरी तेच.

तास आणि मिनिटं शब्दांत हवी असतील तर:

```
=INT(ROUND(A2*60,0)/60)&" तास "&MOD(ROUND(A2*60,0),60)&" मिनिटे"
```

यात राउंड करणं आधी आणि तासांची फोड नंतर ठेवली आहे, ती मुद्दाम. आधी तास वेगळे काढून नुसत्या अंशाची मिनिटं राउंड केली, तर सरासरीतून आलेल्या ७.९९५ सारख्या आकड्याला '७ तास ६० मिनिटं' असं उत्तर मिळतं. दुसरी अडचण अशी, की ही अक्षरं आहेत, वेळ नाही. त्या रकान्याला `SUM` लावला तर शून्य येतं. बेरीज वेळेच्या किंवा दशांशाच्या रकान्यावर करा, शब्दांचा रकाना फक्त छापायला.

उलट जायचं, म्हणजे 2:45 चे २.७५ करायचे, तर `=A2*24`. एक्सेल कधी कधी उत्तराच्या सेललाही आपणहून वेळेचा फॉरमॅट देतं आणि पुन्हा तोच 18:00 किंवा `[h]:mm` असेल तर 66:00 समोर येतो. सेलचा फॉरमॅट `Number` करा, २.७५ दिसेल.

तास कमी भरले तर

आठवड्याचे ४० तास भरायचे असतील आणि ३८:४५ भरले, तर फरक −१.२५ तास, म्हणजे सव्वा तास कमी. वजा आकड्यांना वरचे फॉर्म्युले जसेच्या तसे लावू नका. `INT(-1.25)` चं उत्तर −१ नाही, −२ येतं, कारण ते फंक्शन नेहमी खालच्या पूर्णांकावर जातं. उरलेला अंश मग ०.७५ धरला जातो आणि '−२ तास ४५ मिनिटं' असं भलतंच उत्तर मिळतं. वेळेचा फॉरमॅट द्यायला गेलं तर एक्सेल नेहमीच्या सेटिंगमध्ये वजा वेळ दाखवतच नाही, सेल `#####` ने भरून जातो आणि रकाना कितीही रुंद केला तरी ते जात नाही.

चिन्ह वेगळं आणि वेळ वेगळी ठेवली की हे सुटतं:

```
=IF(A2<0,"-","")&TEXT(ROUND(ABS(A2)*60,0)/1440,"[h]:mm")
```

−१.२५ चं यातून -1:15 होतं. हेही अक्षरांतलंच उत्तर आहे, तेव्हा महिन्याची एकूण तूट काढायची असेल तर शेजारचा दशांशाचा रकाना पुसू नका, हवं तर लपवून ठेवा.